बारावी, रात्रीची कॉफी आणि थरथरणारा हात

मीनल_इंदिरानगर (मंगळवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते, आज वेगळंच विचारायचंय.

लेक बारावी सायन्सला आहे. पहिला पेपर, इंग्रजीचा, बरोबर तेरा दिवसांवर. दिवसभर कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत असते, घरी आली की जेवण, आणि साडेदहाला मोठा मग भरून कॉफी. एक वाजता दुसरा मग. साडेतीनला झोपते, साडेआठला मी ओढून उठवते. गेल्या वर्षीही कॉफी प्यायची, पण एकच मग, आणि तेव्हा काही तक्रार नव्हती.

काल केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल झालं. परमँगनेटचं टायट्रेशन आलं होतं, म्हणजे फिकट गुलाबी रंग दिसला की थांबायचं. हिचा हात ब्युरेटच्या चावीवर इतका थरथरत होता की दर वेळी एकदम गडद जांभळं. तीन रीडिंग, तिन्ही वेगळी. घरी येऊन रडली. म्हणते, "आई, मला येत होतं सगळं, हातच ऐकत नव्हता." छातीत धडधडही होते म्हणे, हल्ली रोजच.

माझं म्हणणं कॉफी बंद कर. तिचं म्हणणं कॉफी बंद केली तर अभ्यास बंद. हे कॉफीमुळे होतंय की परीक्षेच्या भीतीने? आणि जागं राहायचंच असेल तर कसं?

टवाळ_गोदाकाठ

आमच्या वेळी बारावीला जागं ठेवायचं काम वडील करायचे. कॉफीपेक्षा स्वस्त, आणि असर सकाळपर्यंत.

सिडकोचा_सिद्धू

काकू, टेन्शन घेऊ नका. कॅफिनची हाफ लाइफ पाच तास असते. साडेदहाला घेतलेली कॉफी साडेतीनला संपली. म्हणजे ती झोपते तेव्हा शरीर साफ. मी स्वतः रात्री आठला जिमआधी प्री-वर्कआउट घेतो आणि साडेअकराला ढाराढूर. हात थरथरला तो टेन्शनने. मॅग्नेशियम द्या.

अण्णा_पंचवटी

मुळात हा मगमधला प्रकार कॉफी नव्हेच. मी तीस वर्षांपूर्वी बंगळूरला नोकरीला होतो. पितळी फिल्टर, ताजी दळलेली पूड, रात्री डिकॉक्शन लावून ठेवायचं, सकाळी थेंब थेंब गळलेलं असायचं. नाशिकला परत आलो आणि तो वास गेला. गंगापूर रोडला हल्ली खूप कॅफे झालेत, पण अडीचशे रुपयांत फेसच जास्त. मुलीला एकदा खरी फिल्टर कॉफी पाजा, मग बाकी सगळं विसरेल.

टवाळ_गोदाकाठ

अण्णा, तिला केमिस्ट्री विसरायची नाहीये.

औषधाची_बाटली

मीनलताई, मी फार्माकॉलॉजी शिकवत असे, आता निवृत्त. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी हव्यात. मगमध्ये कॉफी किती जाते, चमचा शीग लावून की सपाट? बाटलीवर नुसतं कॉफी लिहिलंय की कॉफी आणि चिकोरी? आणि तिचं वजन?

सिद्धू, हाफ लाइफ म्हणजे पाच तासांनी निम्मं उरतं. संपत नाही. उरलेल्याचं निम्मं व्हायला पुन्हा पाच तास. आणि पाच हा सरासरीचा आकडा, कुणाचा तीन असतो, कुणाचा सात.

सिडकोचा_सिद्धू

अरे हो, हाफ. नावातच आहे. पण मला झोप लागते हे तर खरंय ना?

मीनल_इंदिरानगर

केक करायला घेतलेला वजनकाटा आहे, त्यावर मोजलं. ती घालते तसे शीग लावून दोन चमचे पाच ग्रॅम भरले. बाटलीवर शंभर टक्के कॉफी आहे, चिकोरी नाही. (आधी आमच्याकडे चिकोरीवाली यायची, ही लेकीनेच बदलायला लावली, "चव कडक येते" म्हणून.) वजन शेहेचाळीस किलो.

औषधाची_बाटली

छान, काट्याने काम सोपं केलं.

झटपट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये ढोबळ तीस मिलिग्रॅम कॅफिन धरा. ब्रँडप्रमाणे थोडं इकडे तिकडे. पाच ग्रॅम म्हणजे एका मगात दीडशे. आपण पाहुण्यांना देतो त्या सपाट चमच्याच्या कपात पन्नास-साठ असतं. म्हणजे तिचा एक मग हे आपले अडीच-तीन कप. चिकोरीत कॅफिन नसतं, त्यामुळे आधीच्या बाटलीत तेवढ्याच चमच्यांतून बरंच कमी जात होतं. कडक चवीबरोबर मात्राही वाढली, ते कुणाच्या लक्षात आलं नसेल.

आता रात्र बघू. साडेदहाचे दीडशे, साडेतीनला पंचाहत्तर. एक वाजताचे दीडशे तोवर शंभरच्या थोडं वर. ती उशीवर डोकं ठेवते तेव्हा अंगात एकशेऐंशी मिलिग्रॅम आहे. तीन कप कॉफी पिऊन लगेच झोपायला जावं तसं. सकाळी साडेआठला अजून नव्वद आहे.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांसाठी दिवसाला किलोमागे तीन मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. तिच्या वजनाला ती एकशेअडतीस होते. ती तीनशे घेतेय, तेही अडीच तासांच्या अंतराने. हात थरथरणं, धडधड, यात मला काही गूढ दिसत नाही.

सिद्धू, तुझ्यासाठी. झोप लागणं आणि झोप होणं वेगळं. २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात झोपायच्या सहा तास आधी चारशे मिलिग्रॅम दिलं तरी झोप तासाहून जास्त घटली. माणूस थकलेला असला की कॅफिन असूनही डोळा लागतो, पण गाढ झोपेचा भाग कमी होतो.

होस्टेल_रूम_१४

मी इंजिनीअरिंगला, तिसरं वर्ष. काकू लोकांना एक सांगतो, रात्रीच अभ्यास का होतो ते समजून घ्या. दिवसा घरात कुकर, टीव्ही, "अगं जरा दार उघड". रात्री बारानंतर कुणी हाक मारत नाही. कॉफी हे निमित्त आहे, शांतता हे कारण. कॉफी काढून घेतलीत तर ती पाण्यावरही जागेल.

आमच्याकडे एक चालतं. दुपारी झोप आली की कॉफी पटकन प्यायची आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवं व्हायचं. कॉफी चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठतो तेव्हा झोपही झालेली आणि कॉफीही लागलेली. गजर चुकला आणि तासभर झोपलात तर मात्र डोकं जड होऊन संध्याकाळ गेली.

देवळालीची_स्नुषा

मीनल, एकदम बंद मात्र करू नकोस गं. माझ्या मुलाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी, त्याचीही बारावी. मी असंच कुठेतरी वाचलं आणि पेपरच्या आदल्या दिवशी सकाळपासून कॉफी बंद केली. रात्री छान झोपला, मला वाटलं जिंकले. दुसऱ्या दिवशी उठला तो डोकं धरूनच. पेपरात तिसऱ्या प्रश्नापर्यंत डोळे उघडवत नव्हते म्हणाला. आम्हाला वाटलं टेन्शन, नजरही काढली. चार दिवसांनी आपसूक गेलं. कारण खूप नंतर कळलं.

औषधाची_बाटली

हा अनुभव महत्त्वाचा आहे. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि आठवडाभरही राहू शकतं. आदल्या दिवशी बंद करणं म्हणजे दुखणं बरोबर पेपरावर आणून ठेवणं. ओळखायची खूण अशी की थोडी कॉफी पोटात गेली की तासाभरात ते विरतं. टेन्शनचं दुखणं असं वेळेवर जात नाही.

मीनलताई, एक गोष्ट मात्र मला अजून खटकतेय. बाटली बदलली, एकाचे दोन मग झाले, हे सगळं खरं. तरी रोज धडधड? मधल्या काळात काही औषध सुरू झालंय का?

अण्णा_पंचवटी

मला बीपीची गोळी सुरू आहे, रोज सकाळी. कॉफी चालेल का?

टवाळ_गोदाकाठ

अण्णा, तुमची बारावी झाली.

औषधाची_बाटली

अण्णा, तुमच्या डॉक्टरांना विचारा. गोळीचं नाव घेऊन जा.

मीनल_इंदिरानगर (बुधवार, सकाळी ७.१५)

लिहू की नको असा विचार करत होते, पण इथे आपलीच माणसं आहेत. दिवाळीपासून तिला पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत. एकवीस दिवसांचं पाकीट, मग सात दिवस बंद. त्याचा कॉफीशी काय संबंध?

औषधाची_बाटली

लिहिलंत ते बरं झालं, यात लपवण्यासारखं काही नाही. वर्गातल्या कितीतरी मुलींना हेच असतं.

पाकिटावर बारीक अक्षरात इथिनिल इस्ट्राडायोल हे नाव आहे का बघा. असेल तर संबंध आहे. यकृतातलं जे एन्झाइम कॅफिन मोडतं, त्याला हे इस्ट्रोजेन मंदावतं. अशा गोळ्या घेणाऱ्या बाईत कॅफिनची हाफ लाइफ साधारण दुप्पट होते. पाचाचे दहा तास. (पीसीओडीला मेटफॉर्मिनही देतात, तिचा असा परिणाम नाही.)

मग कालचा हिशेब पुन्हा करावा लागतो. साडेदहाचे दीडशे निम्मे व्हायलाच सकाळचे साडेआठ वाजतात. एक वाजताच्या मगातले तोवर जेमतेम साठ संपलेत. ती उठते तेव्हा अंगात एकशेसाठच्या वर आहे, आणि रात्री पुन्हा नवा मग पडतो तेव्हाही कालचं पन्नास-साठ शिल्लकच. थरावर थर.

प्रॅक्टिकल सकाळी होतं ना? म्हणजे त्या दिवशी सकाळी एक घोटही न घेता ती अडीच कप पिऊन ब्युरेट धरल्यासारखीच होती.

गोळ्या स्वतःहून बंद करू नका, त्या कारणासाठी चालू आहेत. बदलायची ती कॉफी. डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला.

सिडकोचा_सिद्धू

हे एकदम डिटेक्टिव्ह सिरीयल झालं. मॅग्नेशियम मागे घेतो.

मीनल_इंदिरानगर

नाव आहे पाकिटावर. आता माझाच हात थरथरतोय. गेले तीन महिने मी रोज रात्री तिला स्वतः दूध गरम करून देत होते. थंडी आहे, बाहेर आठ डिग्री, पोरगी जागतेय, म्हणून.

आता दहा-बारा दिवसांत काय करू?

औषधाची_बाटली

स्वतःला दोष देऊ नका, हे कुणी सांगतच नाही.

आज रात्रीपासून एक वाजताचा मग बंद. डोकं धरणार नाही, कारण पहिला आहेच. पहिला मग मात्र साडेदहावरून दुपारी दोन-तीनच्या आत आणा, अभ्यासिकेत थर्मासमधून नेऊ दे. हाफ लाइफ दहा तासांची असेल तर संध्याकाळी सहाची कॉफीही तिच्यासाठी उशिराचीच. मग दर दोन दिवसांनी चमचा थोडा उतरवायचा: पाच ग्रॅमचे चार, चाराचे तीन, शेवटी दोनवर थांबायचं. काटा आहेच तुमच्याकडे. डोकं दुखलं तर एक पायरी वर जाऊन दोन दिवस थांबा.

पेपर अकराला. त्या दिवशी साडेनऊला, पोटात काही गेल्यावर, दोन ग्रॅमची कॉफी. चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, पेपर हातात पडेपर्यंत ती लागू झालेली असेल आणि शौचालयाची वारीही घरूनच उरकेल. आज कठीण पेपर म्हणून दोन चमचे जास्त, हे करायचं नाही. कॅफिनने झोप ढकलली जाते, न झालेलं प्रकरण आठवत नाही.

हे सगळं पेपरच्या दिवशी पहिल्यांदा करायचं नसतं. येत्या रविवारी घरीच अकरा ते दोन सराव पेपर लावा, आधी साडेनऊला कॉफी.

होस्टेल_रूम_१४

आणि रात्रीचं काय? अकराला झोप आली तर तिने झोपायचं, हेच ना? बोर्डाचा सिलॅबस झोपेत पूर्ण होतो का?

देवळालीची_स्नुषा

बाळा, साडेतीनला झोपून साडेआठला उठणारी पोरगी अकराच्या पेपरात अर्धी झोपेतच असणार. अकराला झोपून सहाला उठली तर अभ्यासाचे दोनच तास कमी होतात. पहाटेही कुणी हाक मारत नाही.

होस्टेल_रूम_१४

पहाटे आई लोक उठतात. तीच तर अडचण आहे.

औषधाची_बाटली

रूम १४ चं म्हणणं अगदीच मोडीत काढू नका. कुणाचं घड्याळ उशिराचंच असतं, त्या वयात तर जास्तच. साडेतीनवरून एका रात्रीत अकरावर येणार नाही ती, पडून छताकडे बघत बसेल आणि तेच नवं टेन्शन. रोज वीस-तीस मिनिटं अलीकडे. पेपरपर्यंत साडेबारा झाले तरी मी समाधानी.

अण्णा_पंचवटी

चहा का देत नाही? चहाने कधी कुणाचा हात थरथरला नाही. आमच्या पंचवटीत पहाटे चारला घाटावर जाणारे लोक चहावर जगतात.

औषधाची_बाटली

अण्णा, चहातही तेच कॅफिन, फक्त कपात कमी, तीस-चाळीसच्या आसपास. आलं जास्त आणि पत्ती कमी असलेला घरचा चहा आणखी सौम्य. कॉफी उतरवताना मधे चहाचा कप चालेल. पण टपरीवरचा उकळून काळा केलेला पाच वेळा घेतला तर हिशेब तिथेच येतो.

मीनल_इंदिरानगर

लेकीला हा धागा वाचायला दिला. तिचा प्रश्न: "धडधड कॉफीची की भीतीची, हे मला कळणार कसं? आत तर सारखंच वाटतं."

औषधाची_बाटली

फार चांगला प्रश्न, आणि पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. तिला वेळ लिहून ठेवायला सांगा. कॉफीची धडधड कपानंतर अर्ध्या ते एक तासात येते, मग तुम्ही पेपर सोडवत असा की मालिका बघत असा. भीतीची धडधड विचाराबरोबर येते आणि बऱ्याचदा पहिला प्रश्न सुटला की उतरते. पण दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. कॉफीने छाती धडधडली की मन म्हणतं, "बघ, मी घाबरलेय," आणि मग खरंच घाबरतं. कॉफी कमी होऊनही धडधड तशीच राहिली, किंवा कधी ठोके चुकल्यासारखे वाटले, चक्कर आली, तर धागा बंद करून डॉक्टरांकडे जा.

टवाळ_गोदाकाठ

मी बारावीत पेपरच्या सकाळी झणझणीत मिसळ खाऊन गेलो होतो. धडधड कुठली होती ते आजवर कळलं नाही, पण तीन तास पूर्ण जागा होतो.

मीनल_इंदिरानगर (सोमवार, दुपारी १.०५)

खबर द्यायला आले.

एकचा मग त्याच रात्री बंद झाला, कुरकुर करत. पहिला मग अभ्यासिकेत नेते, आता तीन ग्रॅमवर आलीय. मीच घाई केली, पाचाचे एकदम तीन केले, आणि शुक्रवारी दिवसभर डोकं दुखलं. चाराने पुन्हा सुरुवात केल्यावर तासाभरात उतरलं, अगदी ताई म्हणाल्या तसं. शनिवारी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या गोळ्या चालू ठेवा, कॉफी कमी करताय ते बरोबर.

काल सराव पेपर झाला. साडेनऊला उपमा आणि अर्धा कप कॉफी. हात स्थिर होता, तिने मुद्दाम पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून धरून दाखवला. धडधड थोडी आली, पण पेपर उघडताना, कॉफीनंतर नाही. साडेबाराच्या सुमारास जांभया सुरू झाल्या आणि शेवटचा प्रश्न घाईत गेला. रात्री अजूनही एकशिवाय झोप येत नाही.

जांभयांसाठी मधे काही?

औषधाची_बाटली

जांभया झोपेच्या थकबाकीच्या. आठवड्याभराचं कर्ज एका अर्ध्या कपात फिटत नाही. अजून आठवडा आहे, एकचे साडेबारा होऊ द्या. कप वाढवू नका.

देवळालीची_स्नुषा

आणि प्रॅक्टिकलच्या रीडिंगचं मनावर घेऊ नको म्हणावं. झालं ते झालं.

सिडकोचा_सिद्धू

एक विचारू का? धागा काकूंचा आहे, पण मला काल रात्रीपासून शंका येतेय. मी रात्री आठचं प्री-वर्कआउट घेतो, साडेअकराला झोपतो, पण सकाळी उठतो तेव्हा कुणीतरी धुतल्यासारखा असतो. मला वाटायचं वर्कआउटमुळे.

औषधाची_बाटली

डब्यावर एका मापात किती मिलिग्रॅम कॅफिन लिहिलंय?

सिडकोचा_सिद्धू

दोनशे. आणि मी दीड माप घेतो.

टवाळ_गोदाकाठ

सिद्धू, चल, नवीन धागा काढ. मीनलताईंचा काटा उसना घे.